कागदावर जुळलेलं यमक आवाजात का खटकतं?

प्रश्न: दिवाळीच्या शुभेच्छांच्या व्हिडिओसाठी मागून ऐकू येणाऱ्या निवेदनाच्या चार ओळी लिहिल्या आहेत. प्रत्येक ओळीत मोजून 14 अक्षरं आहेत, चारही ओळींना यमक आहे. तरी रेकॉर्डिंग शाळेत पाठ करून म्हटलेल्या कवितेसारखं वाटतं. चूक ओळींत आहे की आवाजात?

*दीपज्योतींनी उजळो तुमचे सदन,*
*सुखसमृद्धीने फुलो तुमचे जीवन,*
*आनंदाचे होवो घरोघरी आगमन,*
*तेजाने भरून राहो सगळ्यांचे मन.*

उत्तर: चूक ओळींतच आहे. तुम्ही लिहिलेली अक्षरं मोजलीत, पण ऐकणाऱ्याच्या कानावर तेवढी पडत नाहीत.

मराठी बोलताना शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण सहसा उच्चारत नाही. ‘सदन’ लिहिताना तीन अक्षरं, तोंडातून निघतात दोनच ठोके: स-दन्. शब्दाच्या मधलाही ‘अ’ पुष्कळदा गळतो; ‘तुमचे’ आपण तुम्-चे असं म्हणतो, ‘उजळो’ उज्-ळो असं. (शेवटी जोडाक्षर असेल, उदाहरणार्थ ‘मित्र’ किंवा ‘समुद्र’, तर ‘अ’ थोडासा ऐकू येतो.) या हिशोबाने तुमच्या ओळी पुन्हा मोजल्या तर पहिलीत 10 ठोके भरतात, दुसरीत 11, तिसरीत 13 आणि चौथीत 11. कागदावर 14-14-14-14 असलेली रचना आवाजात लंगडते ती इथे.

मग निवेदक काय करतो? लय सांभाळायला तो गळलेले ‘अ’ परत आणतो: ‘सदनऽ’, ‘जीवनऽ’. अभंग किंवा ओवी म्हणताना हे चालतं, कारण अक्षरांच्या संख्येवर बेतलेल्या छंदांत प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारायचं हे गृहीतच असतं. बोलण्यात तसं कुणी करत नाही, म्हणून ऐकणाऱ्याला लगेच ‘कविता म्हणतायत’ असं वाटतं. रेकॉर्डिंगमध्ये ओळीचा शेवटचा शब्द ताणलेला ऐकू आला तर समजायचं की मोजणी कागदावरची आहे.

ठोके मोजायला हनुवटीखाली हात ठेवून ओळ नेहमीच्या वेगाने बोला. हनुवटी जितक्यांदा खाली येते तितके साधारण ठोके. चारही ओळी तंतोतंत सारख्या असायची गरज नाही. एक-दोन ठोक्यांचा फरक बोलण्यातल्या थांब्यांत जिरून जातो. तिनाचा मात्र कानाला कळतो. यमकाच्या दोन ओळी शक्यतो जवळच्या मापाच्या ठेवा.

आता यमक. तुमच्याकडे ‘-अन्’ चार वेळा येतो, आणि चारही वेळा तिथेच वाक्य संपतं. वाक्य संपलं की आवाज खाली उतरतो. चार ओळी, चार वेळा एकाच जागी, एकाच नादावर उतरलेला आवाज, म्हणजे घोकंपट्टीचा सूर आपोआप तयार झालाच. निवेदक कितीही चांगला असला तरी ही उतरण त्याला टाळता येत नाही. उपाय लिखाणातच करावा लागतो: यमक फक्त दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला ठेवा आणि निदान एक वाक्य ओळीच्या टोकाशी न थांबता पुढच्या ओळीत जाऊ द्या.

आपल्या भाषेत क्रियापद बहुधा शेवटी येतं, म्हणून पहिल्या फटक्यात यमक ‘होवो-येवो-राहो’वरच जुळतं. तुम्ही ते टाळलंत हे बरं केलंत, पण त्यासाठी ‘आनंदाचे होवो घरोघरी आगमन’ अशी शब्दांची उलटापालट करावी लागली. सगळी उलटापालट वाईट नसते. ‘बस ना इथे’, ‘येतोस का उद्या’ असं आपण रोजच बोलतो. क्रियापदानंतर एखादा छोटा शब्द येणं बोलीत अगदी स्वाभाविक आहे. ‘होवो आगमन’ मात्र फक्त निमंत्रणपत्रिकेत सापडतं. ओळ फोनवर एखाद्या मित्राला म्हणून बघा. तो ‘काय झालं तुला?’ असं विचारेल असं वाटलं, तर ती उलटापालट काढा.

हे सगळं धरून तोच मजकूर असा लिहिता येईल:

*कामं राहू देत आजच्यापुरती,*
*फोनही ठेवा जरा लांब.*
*दारात आलीय दिवाळी, तिला*
*म्हणा, चार दिवस तरी थांब.*

लिहिलेली अक्षरं इथे 12, 9, 11, 11 अशी भरतात, म्हणजे कागदावर वेडीवाकडी. ठोके मात्र 9, 7, 9, 8. ‘लांब’ आणि ‘थांब’ दोन्ही एकाच ठोक्याचे. शेवटचा ‘अ’ गळल्यावरही ‘-आंब्’ हा नाद शाबूत राहतो. यमक ठरवताना हेच बघायचं: शेवटचा ‘अ’ काढून टाकल्यावर उरलेला स्वर आणि व्यंजन जुळतात का. ‘घर’ आणि ‘वर’ जुळतात. ‘घर’ आणि ‘दार’ दोन्ही ‘र’वर संपूनही जुळत नाहीत. तिसरी ओळ ‘तिला’वर संपली तरी निवेदक तिथे थांबत नाही, थेट ‘म्हणा’वर जातो. त्यामुळे चौथ्या ओळीतलं यमक ऐकणाऱ्याला आधी चाहूल न देता येतं.

बोलीची भाषा एकदा धरली की ती शेवटपर्यंत धरा. हा नुसत्या शैलीचा प्रश्न नाही, यमकही त्यात तुटतं. समजा, तुम्ही ‘दिवे लागले’ आणि ‘घर उजळले’ असं यमक जुळवलंत. निवेदक बोलीत सहजच ‘घर उजळलं’ म्हणेल, कारण ते नपुंसकलिंगी एकवचन आहे. ‘दिवे लागले’ मात्र आहे तसंच राहील. कागदावरचं यमक माइकसमोर नाहीसं होतं. नपुंसकलिंगी ‘-ले’ला जोडीदार हवा असेल तर तोही बोलीत ‘-लं’ होणारा शोधा: ‘अंगण उजळलं, मन निवळलं’.

निवेदकाला ओळी तोडून देऊ नका. ओळी दिसल्या की डोळा प्रत्येक टोकाशी थांबतो आणि आवाजही. सलग गद्यासारखं द्या आणि थांबायच्या जागी तिरकी रेघ मारा: ‘कामं राहू देत आजच्यापुरती, फोनही ठेवा जरा लांब. / दारात आलीय दिवाळी, तिला म्हणा, / चार दिवस तरी थांब.’

वेळेचा हिशोब ढोबळ असतो: शांत बोलण्यात सेकंदाला दोनेक शब्द. वरचे 17 शब्द आठ-नऊ सेकंदांत बसतात. वीस सेकंदांच्या व्हिडिओत त्यापुढे चार ओळी आणखी कोंबण्यापेक्षा दोन सेकंदांची शांतता ठेवा आणि मग साध्या आवाजात ‘दिवाळीच्या शुभेच्छा’ आणि संस्थेचं नाव घ्या. नाव यमकात ओढू नका. ते जुळवायच्या नादात आधीची ओळ हमखास बिघडते.

हे सगळं मोकळ्या निवेदनासाठी आहे. दृश्यं तालावर कापलेली असतील आणि शब्द ठेक्यातच पडायला हवे असतील, तर ठोके मोजून भागणार नाही. तिथे लघू-गुरूंच्या मात्रा धरून, आठ-आठ मात्रांच्या आवर्तनात लिहावं लागेल. पण मग ते बोलणं राहत नाही, गाण्याच्या जवळ जातं, आणि तसंच ठरवून म्हटलं तर शोभतंही.