निरोपाच्या भाषणाचा मसुदा वाचून

चिरंजीवास आशीर्वाद,

तुझा मसुदा वाचला. मुख्याध्यापकांवरची माया दिसते, पण काही वाक्यं त्यांच्यासाठी लिहिलेलीच नाहीत. हे घे: 'मराठी शाळेकडे वरच्यांचं लक्ष नसताना, गळक्या वर्गांत सरांनी एकट्याने शाळा चालवली.' व्यासपीठावर बीईओ ऑफिसचे साहेब असतील. 'वरच्यांचं' म्हटलं की ते खुर्चीत सावरून बसणार. 'एकट्याने' म्हटलं की सहशिक्षक एकमेकांकडे बघणार. सर राहिले बाजूला, सभा तक्रारीची झाली.

तक्रार खोटी आहे असं मी म्हणत नाही. छपराचा वेगळा अर्ज शाळेच्या एसडीएमसी समितीच्या सह्या घेऊन दे, त्यात हवं तेवढं कडक लिही. भाषणात मात्र प्रत्येक वाक्याचा कर्ता कोण ते बघ. कर्ता सर असतील तर गळकं छप्परही चालतं: 'पाऊस वर्गात आला की सर चौथीला आपल्या खोलीत बसवायचे आणि स्वतः व्हरांड्यात टेबल टाकून हजेरी लिहायचे.' छप्पर तेच, पण आता बोट कुणाकडेच नाही.

आता पेन्सिल घे आणि 'पण', 'तरी', 'असूनही', 'निदान' या शब्दांभोवती गोल कर. टोचणारं कौतुक बहुधा तिथेच लपतं. 'कानडी जेमतेम येत असूनही सर ऑफिसची पत्रं स्वतः लिहायचे' यात तू सरांची परीक्षा घेऊन त्यांना काठावर पास केलंस. नुसतं लिही: 'ऑफिसचं कानडी पत्र सर स्वतः लिहायचे आणि पाठवण्याआधी आम्हाला वाचून दाखवायचे.' 'तोंडाने कडक पण मनाने मऊ' हेही काढ. त्यांच्या घरची माणसं पहिल्या रांगेत असतील, त्यांना आधी 'कडक'च ऐकू येईल. गोल केलेला प्रत्येक शब्द चूक असतो असं नाही. त्याच्या आधीचा अर्धा भाग सरांच्या मुलीला तोंडावर सांगता येत असेल, तर राहू दे.

राहिला शेवट. 'शाळा पोरकी झाली, ही पोकळी कधीच भरून निघणार नाही.' अरे, सर साठ वर्षांचे होऊन निवृत्त होताहेत! हेच वाक्य शोकसभेत चाललं असतं का, असं विचारून बघ. चाललं असतं, तर ते इथे नको. शिवाय ज्या बाई सोमवारपासून चार्ज घेणार, त्या तिथेच बसलेल्या असतील. पोरक्या शाळेत त्यांनी यायचं कसं?

सगळं झाल्यावर मसुदा शाळेबाहेरच्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखव, तुझी गाऱ्हाणी ज्याला ठाऊक नाहीत अशाला. ऐकून त्याने 'तिथे काही भानगड होती काय रे?' असं विचारलं, तर कुठल्या ओळीला विचारलं ते तिथल्या तिथे लिहून घे. ती ओळ घेऊन शनिवारी शाळा सुटल्यावर घरी ये.

तुझा,
काका