१० बाय १२ च्या खोलीत दोन मुलांची सोय

प्रश्न: मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. दोघांना मिळून १० बाय १२ ची एकच खोली आहे. दार एका कोपऱ्यात, खिडकी समोरच्या १० फुटी भिंतीला. वेगळे बेड, वेगळी टेबलं, वेगळी कपाटं हवीत आणि "तिला जास्त, मला कमी" हे भांडण नको. सुताराला नक्की काय सांगू?

उत्तर:

दोन सुटे बेड समोरासमोर लावायचा विचार असेल तर तो आधीच सोडा. ३-३ फुटांचे बेड दोन्ही भिंतींना टेकवले की दाराकडचा बेड दार उघडू देत नाही. बेड पुढे सरकवावा तर टेबलाच्या खुर्चीला जागा उरत नाही, आणि कपाटाचा तर प्रश्नच येत नाही. खालून ओढून काढायचा बेड स्वस्त पडतो, पण त्यात एकाचा बेड कायमचा असतो आणि दुसऱ्याचा रोज रात्री बाहेर येतो. त्या दुसऱ्याला दिवसा पडायलाही जागा नसते, म्हणजे वाटणी पहिल्या दिवसापासूनच वाकडी. तुमच्या मापाला बंक बेडच बरोबर आहे.

दारातून आत आल्यावर दार उजव्या भिंतीकडे उघडतं असं धरतो. तुमच्याकडे उलट असेल तर सगळं आरशातल्यासारखं फिरवा. बंक डाव्या भिंतीला, दाराकडच्या कोपऱ्यापासून सुरू करा. चौकटीसकट तो ६ फूट ८ इंच लांब आणि ३ फूट ४ इंच रुंद होतो. खिडकीच्या भिंतीला सलग १० फुटांत दोन टेबलं, प्रत्येकी ४ फूट रुंद आणि २२ इंच खोल, मध्ये २ फुटांचं पुस्तकांचं युनिट. उजव्या भिंतीला दारासाठी ३ फूट सोडून सव्वादोन-सव्वादोन फुटांची दोन कपाटं, २ फूट खोल. बंक आणि कपाटं यांच्यात साधारण साडेचार फुटांची मोकळी वाट राहते. डाव्या टेबलामागे खुर्चीला साडेतीन फूट मिळतात, उजव्या टेबलामागे मात्र कपाटामुळे २ फूट ८ इंचच. बसता येतं, पण खुर्ची मागे रेलली की कपाटाला लागते. हा फरक लक्षात ठेवा, वाटणीच्या वेळी तो लागणार आहे. लाकूड कापण्याआधी फरशीवर खडूने हे सगळं आखा, खऱ्या खुर्चीत बसून बघा, दार पूर्ण उघडून बघा. भिंती क्वचितच काटकोनात असतात, म्हणून प्रत्येक भिंतीचं माप तीन उंचीवर घ्या आणि सगळ्यात कमी असेल ते धरा.

बंकमध्ये दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली कठड्याची. सुतार कठडा प्लायपासून मोजतो, मग घरचे हौसेने ६ इंची गादी आणतात आणि वर कठडा उरतो जेमतेम ३ इंच. झोपेत कूस बदलणारं मूल त्यावरून सहज खाली येतं. म्हणून गादी आधी ठरवा, वरच्या बेडला ४ इंचांपेक्षा जाड नको, आणि कठडा गादीच्या वरच्या पातळीपासून १० इंच घ्यायला सांगा. भिंतीकडच्या बाजूलाही फट राहू देऊ नका. खालच्या गादीपासून वरच्या बेडच्या तळापर्यंत ३६ इंच हवेत, नाहीतर खालच्याला ताठ बसता येत नाही. या हिशेबाने वरची गादी जमिनीपासून साधारण ५ फुटांवर येते. शिडी दाराकडच्या टोकाला, म्हणजे मोकळ्या वाटेत घ्या आणि पायऱ्या ३ इंच रुंद सपाट पट्ट्यांच्या करा. गोल पाइप अनवाणी पायाला बोचतो, आणि मग मुलं शिडी सोडून टेबलावरून चढायला लागतात.

दुसरी गोष्ट पंख्याची, आणि ती जास्त गंभीर आहे. छताचा नेहमीचा पंखा ४ फुटी असतो. १० फुटी खोलीच्या मध्यावर तो असेल तर पातं भिंतीपासून ३ फुटांपर्यंत येतं, म्हणजे थेट बंकच्या कडेवर. स्लॅब साडेनऊ फुटांवर असेल तर पातं जमिनीपासून सव्वाआठ फुटांच्या आसपास फिरतं आणि वर उभ्या राहिलेल्या मुलाचा हात तिथे आरामात पोचतो. लहान पंखा लावूनही अंतर फारसं वाढत नाही. या खोलीतून छताचा पंखा काढाच. त्याऐवजी जाळीचे तीन भिंतीचे पंखे लावा: वरच्या बेडला एक छोटा, खालच्याला एक छोटा, आणि उजव्या भिंतीवर टेबलांसाठी एक फिरणारा. खालच्या बंकला तसाही वारा कमी लागतो, म्हणून त्याचा पंखा नंतर बघू म्हणून टाळू नका. प्रत्येकाचं बटण आपापल्या उशाशी असलं की "पंखा कमी कर" हा रोजचा वादही मिटतो.

टेबलाची उंची दोघांना सारखीच, २९ इंच ठेवा. धाकट्यासाठी टेबल बुटकं केलं तर दोन-तीन वर्षांत ते बाद होतं. त्याला उंची कमी-जास्त होणारी खुर्ची द्या आणि पायाखाली ५-६ इंचांचा पाट. पाय लोंबकळत असतील तर मूल पुढे सरकून वाकून बसतं. पाट कमी पडतोय हे त्यावरून कळतं. टेबलाचा ४ फुटी पृष्ठभाग १८ मिलीमीटर प्लायचा असला तरी पुढच्या कडेखाली ३ इंचांची उभी पट्टी घ्या, नाहीतर पुस्तकांच्या वजनाने मध्ये झोल येतो. सनमायका दोन्ही बाजूंनी लावायला सांगा. एकाच बाजूने लावलं तर फळी वाकते. खिडकीची भिंत पावसाळ्यात ओल धरते, म्हणून टेबल भिंतीपासून इंचभर सुटं ठेवा.

मधल्या २ फुटी युनिटला उभी फळी घालून दोन भाग करा. प्लायची जाडी वजा जाता एकेकाला ११ इंचच मिळतात. शाळेची बॅग त्यात आडवी बसत नाही, पण कडेने सरकवली की बसते. त्यासाठी सगळ्यात खालचा कप्पा २० इंच उंच ठेवा. हे सांगितलं नाही तर सुतार सगळे कप्पे फुटाफुटावर करतो आणि बॅगा कायम जमिनीवर.

कपाटं बाहेरून हुबेहूब सारखी, किल्ल्या वेगळ्या, पण आतून वेगळी. धाकट्याला कपड्यांचा दांडा साडेतीन फुटांवर, ताईला ५ फुटांवर, आणि दोन्हीकडे फळ्या सरकवता येतील अशी भोकं पाडून घ्या. खालच्या बेडखालचे दोन ड्रॉवर प्रत्येकी एक. हे बोलून ठरवा, कारण जो खाली झोपतो त्याला दोन्ही आपलेच वाटतात.

आता कोणाला काय. वरचा बेड मी मुलीला देईन, पडद्याच्या दांडीसकट. चौदाव्या वर्षी तिला आडोसा लागतो, आणि कपडे बदलायला दाराला आतून कडीही हवी. डावं, ऐसपैस टेबलही सध्या तिलाच, कारण पुढच्या वर्षी दहावी आहे. दोन्ही तिच्याकडे गेले हे मुलगा बोलून दाखवणारच, म्हणून दहावीची परीक्षा संपली की टेबल बदलायचं हे आत्ताच दोघांसमोर कबूल करा. ती रात्री उशिरापर्यंत बसेल, तेव्हा त्याची उशी दाराकडे आणि पाय टेबलाकडे ठेवा. तिच्या दिव्याला खाली वळणारी टोपी घ्या. ट्यूबलाइट मात्र त्याच्या झोपेच्या वेळी बंद. दोन्ही टेबलांवर, पृष्ठभागाच्या ६ इंच वर, दोन-दोन सॉकेट काढून घ्या. भिंत रंगवायच्या आधी हे झालं नाही, तर एकाची वायर दुसऱ्याच्या टेबलावरून जाते आणि तिथूनच पुन्हा भांडण सुरू होतं.