वायर कापली तरी बझर वाजला पाहिजे

प्रश्न: दाराला मॅग्नेटवर चालणारा रीड स्विच लावून अलार्म केलाय, दार उघडलं की बझर वाजतो. पण मित्राने बाहेरची वायर कात्रीने कापली आणि दार उघडलं तर काहीच वाजलं नाही. काय चुकलं?

तुमचा स्विच बझरच्या लाइनमध्येच आहे ना, म्हणजे करंट सुरू झाला की आवाज. मग वायर तुटली की आवाजाचा रस्ताच बंद. हे उलटं करायचं, दारं बंद असताना वायर आणि स्विचच्या लूपमधून सतत थोडासा करंट फिरत ठेवायचा आणि तो थांबला की बझर वाजवायचा. मग दार उघडलं काय नि वायर कापली काय, सर्किटला दोन्ही सारखंच.

मी कोथरूडला मावशीच्या बंगल्यात तीन दारांना असं केलंय, सामान सगळं तापकीर गल्लीतून आणलं. १२ व्होल्टची बॅटरी, बीटी१६९ नावाचा छोटा एससीआर म्हणजे गेटच्या पायाला थोडा करंट मिळाला की चालू होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, १२ व्होल्टचा बझर, बास. बॅटरीच्या प्लसपासून १० के रेझिस्टर एका जॉइंटवर आणा. त्या जॉइंटवरून १ के रेझिस्टर एससीआरच्या गेटला, आणि त्याच जॉइंटवरून तुमचा लूप सगळी दारं फिरून निगेटिव्हला. कॅथोड निगेटिव्हला, आणि प्लस ते अॅनोड मध्ये बझर. लूप जोडलेला असेपर्यंत जॉइंट निगेटिव्हलाच चिकटलेला, गेटला काही मिळत नाही. लूप तुटला की १० केमधून साधारण १ मिलीअँप गेटला जातो आणि एससीआर चालू. एकदा चालू झाला की चोराने दार परत लावून घेतलं तरी बंद होत नाही, आतलं सप्लायचं बटण बंद करावं लागतं. यासाठीच ट्रान्झिस्टर न घेता एससीआर घेतला.

एक गंमत मात्र आहे. बझर आतून करंट चालू-बंद करत असतो, त्या क्षणी एससीआरमधला करंट खाली जातो आणि तो सुटतो. मग अलार्म एकदा पीं करून गप्प. बझरला समांतर १ के रेझिस्टर लावा, त्यातून १२ मिलीअँप वाहत राहतो आणि एससीआर धरून राहतो.

स्विच घेताना दुकानात नॉर्मली ओपन का क्लोज्ड यावर वाद घालू नका, कारण काही जण मॅग्नेट लांब असतानाची स्थिती सांगतात आणि अलार्मवाले दार बंद असतानाची. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, मॅग्नेट जवळ नेल्यावर पीं वाजलं पाहिजे आणि लांब नेल्यावर थांबलं पाहिजे, तोच हवा. आणि सगळे स्विच एकामागे एक, सिरीजमध्ये. पॅरललमध्ये जोडले तर एक दार उघडलं तरी बाकीचे लूप पूर्ण ठेवतात.

आता जुलैतली गोष्ट. रात्री दोनला मावशीचा फोन, अलार्म वाजतोय, घरात कोणी नाही. गेलो तर तीनही दारं लावलेली दिसत होती. बझर काढून ठेवला, सप्लाय चालूच ठेवला, आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एकेका स्विचच्या दोन टोकांवर लावत गेलो. पुढच्या आणि मागच्या दाराला शून्य, गच्चीच्या दाराला १.७ व्होल्ट. जिथे व्होल्टेज दिसतं तोच स्विच उघडा, तीनही स्विचवर शून्य आलं आणि जॉइंटवर व्होल्टेज असलं तर वायर किंवा एखादा सांधा तुटलाय असं समजायचं. गच्चीचं लाकडी दार पावसाने फुगलं होतं, नीट बसतच नव्हतं, वाऱ्याने थोडं सरकलं की मॅग्नेट लांब जायचा. सुताराकडून कड तासून घेतली आणि मॅग्नेट जवळ सरकवला. तुमचं सेफ्टी डोअर लोखंडी असेल तर स्विच आणि मॅग्नेट दोन्हींखाली प्लास्टिकची जाड पट्टी ठेवा, नाहीतर लोखंड मॅग्नेटचा जोर खातं आणि जेमतेम अंतरावर चालणारी जोडी थंड पडते.

बॅटरीचं म्हणाल तर लूप दिवसाला २९ मिलीअँप-अवर खातो, त्यामुळे यूपीएसची ७ अँप-अवरची बॅटरी लोडशेडिंगमध्ये काय, महिनोन् महिने निघते. ९ व्होल्टची छोटी चौकोनी नको, ती तीन आठवड्यात संपेल.

या लूपला फसवता येतं हेही सांगतो. कोणी दोन वायरी सोलून न कापता एकमेकींना जोडल्या तर पुढची दारं उघडली तरी सर्किटला कळत नाही. त्यामुळे दोन्ही वायरी बाहेरून नेऊच नका, आणि बॅटरी, बझरचा डबा आतच ठेवा, कारण बझरचीच वायर कापली तर हा सगळा खटाटोप गप्पच बसणार.