वजा केलेले ५ परत का मिळवायचे?

प्रश्न: १०० जणांत क्रिकेट ५०, फुटबॉल ४०, हॉकी ३०; दोन-दोन खेळ २०, १५, १०; तिन्ही ५. एकही न खेळणारे किती?

२० जण. तिन्ही खेळणारा माणूस ५० + ४० + ३० = १२० मध्ये तीनदा मोजला जातो आणि २० + १५ + १० = ४५ वजा करताना तीनदाच निघून जातो, म्हणजे हिशेबातून गायबच. म्हणून ५ परत मिळवायचे: १२० − ४५ + ५ = ८०. वेन आकृती भरताना मधल्या ५ पासून सुरुवात करा, मग २० च्या जागी १५ येतात.

मात्र प्रश्नात ‘फक्त दोनच’ असं म्हटलं असेल, तर २०, १५, १० जसेच्या तसे भरा. तेव्हा खेळणारे ६५ आणि न खेळणारे ३५. बहुतेकांची चूक इथेच होते.