बोरिकची गोळी, बोरिकचं पाणी: मारायची घाई केली नाही तरच दोन्ही कामाला येतात

प्रश्न: भुसावळला भाड्याच्या घरात राहते. स्वयंपाकघरात मुंग्या आणि झुरळं दोन्ही खूप झालीत. घरात दोन वर्षांचं मूल आहे म्हणून स्प्रे मारायची भीती वाटते. कमी खर्चाचा आणि सुरक्षित उपाय कुणी सांगेल का?

ताई, मी जळगावला घरगुती खानावळ चालवते. रोज चाळीस-पंचेचाळीस ताटं होतात. गूळ, शेंगदाणे, तेल, पीठ सगळं ओट्याच्या आसपासच असतं, त्यामुळे या दोन्ही किड्यांशी माझी बरीच वर्षं गाठ आहे. माझ्या अनुभवाने सांगते, तुमचं काम बोरिक पावडरने होईल. पण ती कशी आणि कुठे ठेवायची यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी झुरळ कोणतं आहे ते बघा. रात्री अकरानंतर दिवा न लावता बॅटरी घेऊन स्वयंपाकघरात जा. बोटाच्या एका पेराहून लहान, फिकट तपकिरी आणि डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा असलेली झुरळं दिसली, तर ती घरातच राहणारी जात आहे. ती फ्रिजच्या मोटरीजवळ, गॅसच्या शेगडीखाली, ट्रॉलीच्या बिजागरीत अशा उबदार फटींमध्ये राहतात. मादी अंड्यांची पिशवी पिल्लं निघायच्या वेळेपर्यंत अंगाला चिकटवून फिरते आणि एका पिशवीतून तीस-चाळीस पिल्लं येतात. मोठं, लालसर, दीड इंचाचं झुरळ दिसलं तर ते गटारातून मोरीवाटे वर आलेलं असतं. त्याचा उपाय वेगळा आहे, तो शेवटी सांगते.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्याकडे लहान झुरळं झाली. किराणा पुठ्ठ्याच्या खोक्यांत येतो आणि ती खोकी मी आठ-आठ दिवस तशीच रचून ठेवत होते, तिथूनच ती आली. पुठ्ठ्याच्या पन्हाळीत ती आरामात लपतात. मी जॅमच्या तीन रिकाम्या बाटल्या घेतल्या. आतून तोंडाच्या कडेला बोटभर रुंद तेलाचा हात फिरवला, आत पावाचा तुकडा आणि कांद्याची फोड टाकली. चढायला सोपं जावं म्हणून बाहेरून कागद गुंडाळला. एक बाटली फ्रिजमागे, एक मोरीजवळ आणि एक मसाल्याच्या फळीवर ठेवली. सकाळी फ्रिजमागच्या बाटलीत सतरा झुरळं होती, मोरीजवळ दोन आणि फळीवर एकही नाही. म्हणजे औषध कुठे ठेवायचं ते कळलं. सगळ्या स्वयंपाकघरभर काही टाकत बसायची गरजच उरली नाही.

बोरिक पावडर औषधाच्या दुकानात मिळते. कॅरमची पावडर घेणार असाल तर पाकिटावर बोरिक अ‍ॅसिड लिहिलंय का ते वाचून घ्या. हल्ली काही पावडरी दुसऱ्याच कशाच्या असतात आणि त्याने झुरळाला काहीच होत नाही.

गोळीसाठी दोन चमचे बोरिक, दोन चमचे कणीक, एक चमचा पिठीसाखर आणि थोडा कांद्याचा रस घेऊन घट्ट मळा. गरज वाटली तर दोन थेंब तेल घाला. हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून मळा, आणि वाटी-चमचा जुना घ्या, जो पुन्हा खाण्यासाठी वापरणार नाही. हरभऱ्याएवढ्या गोळ्या करून बाटलीच्या झाकणात ठेवा आणि झाकण फ्रिजमागे, शेगडीखाली, ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यात सरकवा. झुरळ ते खातं आणि काही दिवसांनी आपल्या बिळात मरतं. त्याची विष्ठा आणि मेलेलं झुरळ बाकीची खातात, त्यामुळे विष थोडं पुढेही जातं. हे औषध सावकाश काम करतं, आणि ते सावकाश आहे म्हणूनच उपयोगी आहे. आपल्याकडे कोरड्या उन्हाळ्यात गोळी तीन-चार दिवसांत दगडासारखी होते आणि मग ती कोणी खात नाही. म्हणून थोडं थोडं मळा आणि बदलत राहा.

आता मुलाचं सांगते, कारण मला त्याचीच जास्त काळजी वाटते. बोरिक हे फवाऱ्यापेक्षा सौम्य आहे, पण खायची वस्तू नाही, आणि लहान मुलाच्या पोटात गेलं तर घातक होऊ शकतं. गोळी कणकेसारखी दिसते आणि साखरेमुळे गोडही असते. त्यामुळे जिथे मुलाचा हात पोहोचेल तिथे ती ठेवायचीच नाही. फ्रिज भिंतीला टेकलेला नसेल तर मागे लांब काठीने सरकवा. नाहीतर काडेपेटीत गोळी घाला, दोन्ही टोकांना झुरळ जाईल एवढं भोक पाडा आणि पेटी टेपने बंद करून उंचावर चिकटवा. उरलेली पावडर मिठाच्या किंवा साखरेच्या डब्यासारख्या डब्यात कधीही ठेवू नका. तोंडात गेल्याची शंका आली तरी पाकीट घेऊन लगेच दवाखान्यात जा. उलटी करवत बसू नका.

माझ्या फ्रिजमागच्या बाटलीत पुढच्या आठवड्यात नऊ झाली. तिसऱ्या आठवड्यात एकदम अकरा, आणि तीही सगळी बारीक काळसर पिल्लं! माझ्या सूनबाईंना वाटलं औषध फेल गेलं. पण ती आधीच्या अंड्यांतून निघालेली होती, बोरिकचा अंड्यांवर काही परिणाम होत नाही. गोळ्या बदलत राहिलो. सहाव्या आठवड्यात बाटलीत एक सापडलं आणि त्यानंतर काही नाही. इथेच बरेच जण थांबतात, म्हणून निदान दोन महिने धीर धरा.

दोन गोष्टींमुळे हे बिघडतं. एक म्हणजे गोळीजवळ स्प्रे मारणं किंवा खडूची रेघ ओढणं. त्या वासाने झुरळं तिकडे फिरकतच नाहीत, मग गोळी खाणार कोण? दुसरं म्हणजे रात्रीची उष्टी भांडी आणि पाणी. भरपूर खायला असलं तर गोळीकडे कोण बघेल, आणि पाण्यावाचून ती फार दिवस काढू शकत नाहीत. झोपण्याआधी ओटा आणि सिंक कोरड्या फडक्याने पुसायची सवय लावा. गळका नळ आणि फ्रिजमागचा पाण्याचा ट्रेही बघा. तो ट्रे माझ्या लक्षातच नव्हता, पुसल्यावर फरक पडला.

मुंग्यांचं गणित वेगळं आहे. दिसतात त्या फक्त कामाच्या मुंग्या. त्यांना पुसून टाकलं तरी वारुळातली राणी नव्या पाठवते. काही जातींना तर फवारा मारला की वारूळ फुटून चार ठिकाणी जातं आणि त्रास वाढतो. म्हणून त्यांना खाऊ घालायचं. एक पेला कोमट पाण्यात आठ चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा बोरिक पूर्ण विरघळवा. इथे बोरिक जास्त घातलं तर काम बिघडतं, कारण मुंगी वाटेतच मरते आणि औषध राणीपर्यंत जातच नाही. दुसऱ्या दिवशी बाटलीजवळच मुंग्यांचा खच दिसला तर पाणी आणि साखर वाढवा. औषधाच्या जुन्या छोट्या बाटलीत कापूस ठेवून हे पाणी ओता, झाकणाला खिळ्याने दोन बारीक भोकं पाडा आणि बाटली मुंग्यांच्या रांगेजवळ, मुलापासून उंच ठेवा.

पहिल्या दिवशी मुंग्या दुप्पट होतील. तेव्हा हात लावू नका, हीच खरी परीक्षा आहे. आमच्याकडे चौथ्या दिवशी रांग विरळ झाली आणि नवव्या दिवशी संपली. नंतरच साबणाच्या पाण्याने ती वाट पुसा, कारण मुंग्या वासाच्या रेषेवरून चालतात आणि ती रेषा राहिली तर दुसऱ्या येतात. गोड पाण्याकडे मुंग्या वळल्याच नाहीत तर त्या तेलकट खाणाऱ्या आहेत. मग दोन मोठे चमचे शेंगदाण्याचा कूट बारीक वाटा, त्यात चिमूटभर बोरिक मिसळून तसंच ठेवा.

तोवर गूळ, साखर घट्ट डब्यात ठेवा. दुधाच्या पातेल्याखाली पाण्याची परात ही जुनी रीत आजही चालते. त्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे मुंगी वर तरंगून पलीकडे जाणार नाही. पाणी रोज बदला, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. हळद, तेजपत्ता, लवंग यांनी मुंग्या दोन दिवस दुसऱ्या वाटेने जातात, वारूळ तिथेच राहतं. अडचण नाही, पण त्यावर अवलंबून राहू नका.

डांबराच्या गोळ्या मात्र स्वयंपाकघरात नकोत, त्यांचा वास तान्ह्या मुलांना बाधतो. आणि कपाशीवर फवारायचं उरलेलं औषध पाण्यात कालवून ओट्यावर मारायची चूक कृपया करू नका. आपल्या भागात ते प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी असतं आणि कोणीतरी प्रेमाने आणून देतं. ते शेतासाठी आहे. त्याचा अंश ताटाखाली, पोळपाटावर, रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागतो, आणि त्यातल्या काही औषधांनी माणसाचा श्वास थांबतो.

मोठी लालसर झुरळं असतील तर मोरी बघा. मोरीच्या पाइपात वाकणात थोडं पाणी साठून राहतं आणि ते गटाराची वाट बंद ठेवतं. मे महिन्यात आपल्याकडे न वापरलेल्या मोरीतलं ते पाणी सुकून जातं आणि वाट मोकळी होते. न वापरायच्या मोरीत तीन-चार दिवसांनी एक तांब्या पाणी ओता, रात्री जाळीवर जड झाकण ठेवा. पाइप भिंतीत जातो तिथली फट पांढऱ्या सिमेंटने बुजवा. समोर एखादं पळताना दिसलं तर अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे भांड्याचा साबण घालून फवारा, ते तिथेच मरतं आणि विष उरत नाही. फरशी मात्र लगेच पुसा, मूल घसरेल.

भाड्याच्या घरात एक अडचण राहते. शेजारच्या बिऱ्हाडाची भिंत आणि पाइप एकच असेल तर तुमची झुरळं तिकडे आणि तिकडची तुमच्याकडे फिरत राहतात. त्यांच्याशी बोला आणि त्यांनाही त्याच आठवड्यात गोळ्या ठेवायला सांगा. हवं तर चार गोळ्या जास्त मळा आणि काडेपेटीत बंद करूनच त्यांना द्या.