लगोरीचे नियम मोडा, खो-खोचे मोडू नका

प्रश्न: आमची शाळा किनाऱ्यालगत आहे, सहावी-सातवीची मिळून चौदा-पंधरा मुलं. लगोरी, खो-खो आवडीने खेळतात, पण खरं खेळतात दोघं-तिघंच, बाकीची नुसती पळतात. या खेळांतून मिळून खेळणं आणि डावपेच कसे शिकवता येतील?

उत्तर:

दोन्ही खेळांना एकच औषध लावू नका. लगोरीचे नियम वाडीगणिक वेगळे असतात. कुठे चेंडू लागला की एकच भिडू बाद, कुठे सगळा डाव संपला. कुठे सात चकत्या, कुठे नऊ. तेव्हा त्यात आपण दोन नियम घातले तर कुणी हरकत घेणार नाही. खो-खोचं तसं नाही. पुण्यात १९१४ च्या सुमारास त्याचे नियम बसवायला सुरुवात झाली आणि आज तुमची मुलं केंद्राच्या किंवा तालुक्याच्या स्पर्धेत गेली, तर पंच ठरलेल्या नियमांनीच खेळवणार. शाळेत मोडीव खो-खोची सवय लागली तर तिथे पहिल्याच पाळीत फाऊल. म्हणून लगोरीत नियम बदला, आणि खो-खोत नियम तसेच ठेवून मुलांना विचारायचे प्रश्न बदला.

आधी लगोरी, कारण खरी गंमत तिच्यात आहे.

ती दोघा-तिघांची का होते? जो नेम धरून फोडतो तोच धावत येऊन रचतोही, आणि समोरच्या बाजूला ज्याच्या हाती चेंडू तो एकटाच सगळ्यांमागे पळतो. हे दोन धागे कापायचे. पहिला नियम रचणाऱ्यांसाठी: एकाने एक चकती ठेवली की त्याने कडेच्या रेषेला पाय लावून यायचं, मगच दुसरी चकती. दुसरा नियम राज्य असलेल्यांसाठी: चेंडू हातात असताना पाऊल टाकायचं नाही, एक तर मारायचा नाही तर भिडूकडे फेकायचा. दोन्ही नियम एकाच दिवशी आणू नका. मुलं नियम आठवण्यातच गुंततात आणि खेळ मरतो. पहिला आठवडा फक्त पहिला नियम.

सात-सात जणांचे दोन संघ करा. चौदाच्या वर एक मूल असेल तर त्याला आळीपाळीने पंच करा. लगोरीभोवती दोन पावलांचं रिंगण आखा आणि त्यात राज्य असलेल्यांना उभं राहू देऊ नका, नाहीतर एक जण लगोरीवर राखणीला बसतो. फोडण्याची रेषा मुलांच्या सहा-सात पावलांवर. फोडायला तीन फेकी. चेंडू लागला तो बाद, बाकीचे रचत राहतील. चेंडू कमरेखालीच मारायचा. वर लागला तर बाद धरायचं नाही, इतकं पुरतं. डोक्यावर मारून काहीच मिळत नाही म्हटल्यावर मुलं आपणहून खाली मारू लागतात.

आता एक डाव डोळ्यांसमोर आणा. पहिल्या फेरीत संघ आपला सगळ्यात जोरदार फेकणारा पुढे करतो. चेंडू थेट मध्यावर बसतो, सातही चकत्या विखुरतात आणि चेंडू गडग्यापर्यंत जातो. सगळे आनंदाने ओरडत चकत्यांवर झडप घालतात, दोघांची डोकी आपटतात, खालची मोठी चकती कुणाच्याच हातात नसते आणि तोवर चेंडू परत आलेला असतो. इथे खेळ थांबवा. व्याख्यान देऊ नका, एवढंच विचारा: "चकत्या किती पडल्या आणि चेंडू किती लांब गेला?"

या एका प्रश्नात लगोरीचं सगळं गणित आहे. जोरात मारलं तर चेंडू लांब जातो, पण रचायचं काम वाढतं. हळू मारलं तर वरच्या दोन-तीनच चकत्या पडतात, पण चेंडू तिथेच समोरच्यांच्या पायाशी थांबतो. दुसऱ्या फेरीत कुणीतरी हळू मारून बघणारच, आणि लगेच दोघे बाद होतील. होऊ द्या. त्यानंतर साधारण कुणाच्या तरी तोंडून निघतं की जोरात मारायचं, पण अगदी वरच्या दोन चकत्यांना. तेच बरोबर उत्तर आहे: पडझड थोडी आणि चेंडू लांब. अडचण अशी, की वरचा नेम बारीक, चुकण्याची शक्यता जास्त. मग तीन फेकी कशा वापरायच्या? पहिल्या दोन वरच्या चकत्यांवर, आणि त्या चुकल्या तर तिसरी मध्यावर, म्हणजे फोडायची संधी हातची जात नाही. सहावीची मुलं इथवर स्वतः पोहोचतात, फक्त फेऱ्यांच्या मध्ये मिनिटभर बोलायला वेळ द्या आणि त्या मिनिटात तुम्ही गप्प बसा. हे गप्प बसणंच आपल्याला जड जातं.

समोरचा संघही शिकत असतो. पहिली सुधारणा म्हणजे एक भिडू लगोरीच्या मागे चांगला लांब उभा राहतो, जोराचा चेंडू अडवायला. दुसरी सुधारणा उशिरा येते. चेंडू घेऊन पळता येत नाही, त्यामुळे चेंडू एका बाजूला असेल तेव्हा रचणारे लगोरीच्या पलीकडून येतात. अशा वेळी पलीकडे आपला भिडू नसेल तर चेंडू हातात असूनही उपयोग शून्य. सगळे चेंडूभोवती झुंबड करतील. तेव्हा विचारा: "चेंडू तुझ्याकडे आला, समोर कोण आहे?" एक-दोन दिवसांत लगोरीभोवती त्रिकोण धरून उभं राहणं सुरू होतं.

आणि मग रचणारे हूल द्यायला शिकतात. एक जण हातात चकती घेऊन चेंडूवाल्याच्या अंगावरच धावतो. ती चकती आत्ता लागणारीही नसते. चेंडूवाला मारतो, नेम चुकतो, चेंडू लांब जातो आणि पलीकडून तिघे येऊन तीन चकत्या ठेवतात. हे काम बहुधा ज्याचा नेम वाईट आणि पाय हलके अशा मुलाकडे जातं, म्हणजे आजवर कडेला उभा असायचा त्याच्याकडे. मला लगोरीतलं हेच सगळ्यात आवडतं.

तरी एक रोग राहतोच. मिनिटभराच्या बोलण्यात एकच मूल बोलतं आणि बाकीची माना डोलावतात. त्यावर उपाय असा: फेरी सुरू होण्याआधी तुम्ही कुठल्याही मुलाकडे बोट करून विचारा, "तुझं काम काय?" सांगता आलं नाही तर संघाची एक फेक कमी, तीनाच्या दोन. पुढच्या वेळी बोलणारं मूलच गप्प मुलांकडे जाऊन "तू खालची मोठी चकती बघ, तू हूल दे" असं समजावताना दिसेल. सुधारणा कशावरून ओळखायची, तर खेळतानाच्या ओरड्यावरून. आधी नुसतं "मार, मार" असतं. काम वाटलं गेलं की नावाने हाका येतात, आणि चेंडू नसलेलं मूलही जागा बदलायला लागतं. ते दिसलं की रेषेला पाय लावून यायचा नियम काढून टाका. त्याची गरज संपली, आता तो नुसता खेळ मंदावतो.

खो-खोत मी नियमाला हात लावत नाही, फक्त माणसं कमी म्हणून मैदान छोटं करतो. पूर्ण मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, बसणारे आठ आणि धावणारा आक्रमक नववा. तुमच्याकडे सहा बसवा, सातवा धावू दे, समोरून तीन पळणारे आत घ्या. पाट्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं ठेवा, नाहीतर पळणारे नेमक्या मोठ्या फटीतून निसटतात.

मुलांना वाटतं खो-खो म्हणजे पाठलाग. पळणाऱ्याच्या मागे धावतात, तो मधल्या फटीतून पलीकडे जातो, आक्रमकाला मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि तो खांबाला वळसा घालायला लांब पळत सुटतो. इथे मुलांना मैदानात बसवूनच एक गोष्ट दाखवा. बसलेल्यांची तोंडं एकाआड एक उलट बाजूंना असतात आणि खो पाठीमागूनच द्यावा लागतो. म्हणजे तुम्ही उजव्या बाजूने धावत असाल तर ज्यांची पाठ तुमच्याकडे, म्हणजे तोंड डावीकडे, त्यांनाच खो देता येतो. प्रत्येक खो बाजू बदलतो. पळणारा पलीकडे गेला की खो द्यायची वेळ आलीच, आणि तो ज्या फटीतून गेला तिच्या जवळच्या, पलीकडे तोंड असलेल्या भिडूलाच तो द्यायचा.

यातून बसलेल्यांचं काम ठरतं. नव्या आक्रमकाने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत ती बदलता येत नाही, त्यामुळे उठण्याआधीच त्याला माहीत हवं की पळणारा आपल्या डावीकडे आहे की उजवीकडे. म्हणून पाळी मध्येच थांबवा, सगळ्यांना डोळे मिटायला सांगा आणि विचारा: "तुझ्या बाजूला आत्ता पळणारा आहे का? कुठल्या हाताला?" सुरुवातीला सहांपैकी एक-दोघांनाच सांगता येतं. चौघांना सांगता येऊ लागलं की खो वाया जाणं आपोआप कमी होतं. त्यानंतरच पुढचा प्रश्न: "याला कुठल्या खांबाकडे न्यायचं?" खांबाजवळ पळणाऱ्याच्या वाटा कमी होतात, म्हणून दोन खो त्याला तिकडे ढकलायला आणि तिसरा बाद करायला, असा बेत मुलं करू शकतात. एकेरी साखळी घेणारा, म्हणजे प्रत्येक पाटीआड नागमोडी जाणारा पळणारा, या बेताने लवकर सापडतो. दोन-तीन पाट्यांभोवतीच गोल फिरणारा मात्र दमवतो. त्याच्यासाठी जवळजवळच्या दोघांनी पटापट खो देत राहावं लागतं.

आता जागेचं. सड्यावर, कातळावर लगोरी चालते, पण खो-खोत सूर मारू देऊ नका, गुडघे सोलून निघतात. खो-खोला ओहोटीच्या वेळची ओली, घट्ट पुळण उत्तम. काठीने रेषा ओढता येतात आणि पडलं तरी लागत नाही. भरतीची वेळ आधी बघून जा आणि पाण्याकडची बाजू पळणाऱ्यांना बंद करा. पुळणीत लगोरी मात्र रुतते, खालची चकती तिरकी बसते. तिच्याखाली एक फळी टाका. चकत्यांना जांभ्याचे चपटे तुकडे चांगले, खडबडीत असल्याने एकमेकांवर धरून राहतात. फुटक्या कौलाचे घेतलेत तर कडा कातळावर घासून बोथट करा. चेंडू जुन्या मोज्यात चिंध्या भरून शिवलेला घ्या. रबरी चेंडू कातळावरून उसळून करवंदीच्या जाळीत जातो आणि अर्धा तास तो शोधण्यात जातो. पावसाळ्यात मैदान विसरा. व्हरांड्यात खडूने पाट्या आखून पेन्सिलीच्या टोप्या सरकवत खो कुणाला द्यायचा यावर वाद घालू द्या, मुलं तासभर रमतात.