‘व्हीलचेअर आवश्यक’ एवढ्या दोन शब्दांनी अर्ज मंजूर होत नाही

प्रश्न: माझे पती ४४ वर्षांचे आहेत. लिंब-गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफीमुळे टॉवेल कारखान्यातलं काम सुटलं. घरात भिंत धरून दहा-बारा पावलं चालतात, पण खुर्चीतून उठवावं लागतं. दिवाळीपासून तीनदा पडले. दिव्यांग प्रमाणपत्र चार वर्षांपूर्वीचं, ४५ टक्क्यांचं आहे. दिव्यांग निधीतून व्हीलचेअरसाठी केलेला अर्ज ‘रुग्ण चालू शकतो, वॉकर पुरेसा’ असा शेरा मारून परत आला. डॉक्टरांचं ‘व्हीलचेअर आवश्यक’ असं पत्र जोडलं होतं. मेडिक्लेम कंपनीनेही नकार दिला. दोघांना नोटीस पाठवावी का? – एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर: ताई, नोटीस आत्ता नको. मेडिक्लेमचा नाद तर सोडूनच द्या. विमा नियामकाने पॉलिसीत सहसा न मिळणाऱ्या वस्तूंची जी यादी केली आहे, तिच्यात चालण्याच्या साधनांचा खर्च आहे, आणि घरी वापरायची टिकाऊ उपकरणं बहुतेक पॉलिसींच्या अपवादांत असतात. तुमच्या पॉलिसीत अशा साधनांसाठी वेगळं संरक्षण घेतलेलं असेल तरच पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाण्यात अर्थ आहे. तसं नसेल, तर डॉक्टरांचं पत्र कितीही चांगलं असलं तरी करारातला अपवाद पुसला जात नाही.

दिव्यांग निधीचं तसं नाही. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २४ मध्ये उत्पन्नाच्या मर्यादेत साधनं मोफत देण्याची तरतूद आहे. मस्क्युलर डिस्ट्रॉफी त्या कायद्याच्या अनुसूचीत नावानिशी आहे आणि ४० टक्क्यांची अटही तुम्ही पूर्ण करता. तुमचं अडलंय ते फक्त पत्रावर. तपासणाऱ्यासमोर एका ओळीचं पत्र होतं आणि प्रमाणपत्र चार वर्षांपूर्वीचं. त्या कागदांवरून कुणीही ‘वॉकर का नको?’ असं विचारलं असतं, आणि पत्रात त्याचं उत्तर नव्हतं.

म्हणून नवं पत्र घ्या, आणि ते आजाराच्या नावावर न थांबता शरीराला आज काय जमतं आणि काय जमत नाही यावर लिहिलेलं असू द्या. न्यूरोलॉजिस्टची सही हवी, पण मोजमापं फिजिओथेरपिस्टकडून घेऊन सोबत जोडा. स्नायूंची ताकद ० ते ५ अशा श्रेणीत लिहितात. ३ म्हणजे अवयव स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलता येतो, २ म्हणजे तेवढंही जमत नाही. मांडी, कंबर आणि खांदे यांची श्रेणी वेगवेगळी लिहून घ्या. दहा मीटर चालायला लागणारे सेकंद, खुर्चीतून उठायला लागणारा आधार आणि पडल्याच्या तारखा हेही त्यात हवं. पडल्यावर दवाखान्यात दाखवलं असेल तर ते केसपेपर शोधा. कुठे ॲडमिट होते तिथल्या नोंदी लेखी मागा. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार त्या ७२ तासांत द्यायच्या असतात.

वॉकरचा मुद्दा पत्रात सरळ खोडावा लागेल, आणि त्याचं कारण वैद्यकीय आहे. या आजारात कंबर आणि मांडीचे स्नायू आधी जातात. माणूस पोट पुढे काढून, पाठ मागे टाकून, गुडघे ताठ ठेवून तोल सांभाळतो. वॉकर धरला की अंग पुढे झुकतं, तो तोल मोडतो, आणि सावरायला कंबरेत जोर नसतो. शिवाय वॉकरवर भार घ्यायला खांदे आणि दंड लागतात, तेही कमजोर होत चाललेले असतात. काठी आणि वॉकर प्रत्यक्ष वापरून बघितले का, कधी, आणि काय झालं, हे डॉक्टरांनी दोन वाक्यांत लिहिलं की शेऱ्याचं उत्तर तिथेच मिळतं.

पत्राचा गाभा साधारण असा यावा. आकडे अर्थातच तपासणीत येतील तेच: ‘मांडी व कंबरेची ताकद २/५, खांदे ३/५. घरात भिंतीच्या आधाराने सुमारे ५ मीटर चालतात. घराबाहेर सुरक्षितपणे चालू शकत नाहीत. खुर्चीतून उठण्यास एका व्यक्तीची मदत लागते. वॉकर वापरून पाहिला असता तोल गेला. आजार वाढत जाणारा असून सुधारणा अपेक्षित नाही. घराबाहेर व लांब अंतरासाठी, सोबतच्या व्यक्तीने ढकलायची व्हीलचेअर आजच आवश्यक आहे.’

यातला ‘आजच’ फार महत्त्वाचा. डॉक्टर सदिच्छेने ‘पुढे व्हीलचेअर लागेल’ असं लिहितात आणि समिती म्हणते, मग पुढे या. आजची गरज एका वाक्यात आणि येत्या वर्ष-दोन वर्षांत काय वाढेल ते वेगळ्या वाक्यात असू द्या.

उलट बाजूची चूक याहून महागात पडते. लवकर मंजूर व्हावं म्हणून ‘अजिबात चालता येत नाही’ असं लिहून घेऊ नका. तुमचे पती कार्यालयात दोन पावलं चालताना दिसले, किंवा जुन्या केसपेपरवर ‘आधाराने चालतात’ असं सापडलं, की सगळं पत्रच संशयात जातं. खोटं प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांवर कारवाई होऊ शकते. लबाडीने लाभ घेणाऱ्याला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. ‘घरात थोडं चालतात, बाहेर नाही’ हे खरं वाक्यच तुमच्या बाजूचं आहे.

कोणती खुर्ची, हेही पत्रात येऊ द्या, नाहीतर गोदामात असेल ती मिळेल. स्वतःहून उठता येत नसलेल्या माणसाला बाजूने सरकवून पलंगावर घ्यावं लागतं. त्यासाठी खुर्चीला काढता येणारे हात आणि पाय ठेवायच्या बाजूला वळणाऱ्या पट्ट्या हव्यात. दिवसभर बसायचं तर दाब कमी करणारी गादी वेगळी लिहायला लावा, ती आपोआप येत नाही. बैठकीची रुंदी म्हणजे नितंबांची रुंदी अधिक तीन-चार सेंटिमीटर. साध्या खुर्चीची बाहेरची रुंदी ६० सेंटिमीटरच्या पुढे जाते, तेव्हा न्हाणीघराचं दार आधी मोजा. दार मोजायचं राहिलं म्हणून मिळालेली खुर्ची ओसरीत पडून राहिल्याची उदाहरणं कमी नाहीत.

पत्रावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, शिक्का, तारीख, रुग्णाचं पूर्ण नाव आणि ओळखीची खूण असावी. नाव आधार कार्डाशी आणि दिव्यांग कार्डाशी अक्षरनअक्षर जुळतंय का ते बघा.

सोबतच प्रमाणपत्राचं काम सुरू करा. चार वर्षांत आजार वाढला आहे, म्हणून swavlambancard.gov.in वर फेरमूल्यांकनासाठी अर्ज करा आणि सिव्हिल हॉस्पिटलमध्ये बोलावतील त्या दिवशी हेच नवे कागद न्या. त्याच अधिनियमाच्या कलम ५९ खालचं अपील हा वेगळा रस्ता आहे. प्रमाणपत्र देणाऱ्यांचा निर्णयच मान्य नसेल तेव्हा ते करायचं. तुमची तक्रार तशी नाही. नवं प्रमाणपत्र येईपर्यंत व्हीलचेअरचा अर्ज थांबवू नका, ४५ टक्क्यांवरही तो चालतो.

नवा अर्ज ‘फेरविचारासाठी’ असा लिहून, जुना शेरा आणि नवं पत्र जोडून द्या. आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मंजुरीआधी स्वतः खुर्ची विकत घेऊन बिल लावू नका. ते मिळेलच असं नाही. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर निर्णयाची प्रत आणि फाईलवरचे शेरे मागा, त्याला ३० दिवसांची मुदत आहे. पुन्हा कारण न देता नकार आला, तर ही सगळी कागदपत्रं लावून पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. त्यांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि या तक्रारीसाठी वकील लावायची गरज नाही.